दत्तक गेल्यावर आधीची जमीन परत द्यावी लागते?

‘दत्तक गेला की जन्मघरचं सगळं सुटतं, नावावरची जमीनसुद्धा.’

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 असं म्हणत नाही. दत्तकाआधी मुलाच्या मालकीची झालेली मिळकत त्याचीच राहते.

समजा, वडील 2015 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. स्वकष्टाची 6 एकर जमीन आई व दोन मुलांकडे प्रत्येकी 2 एकर आली. 2018 मध्ये आईनं धाकट्याला दत्तक दिलं. त्याचे 2 एकर कायम! मात्र पुढे आई मृत्युपत्राविना वारली, तर तिचे 2 एकर एकट्या थोरल्याला. धाकटा आता दत्तक आईवडिलांचा वारस, तिथल्या सख्ख्या मुलांच्या बरोबरीनं. म्हणून भाऊबंदांनी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर आधी वडिलांच्या मृत्यूची आणि दत्तकाची तारीख ताडून पाहा.