वाण्याकडच्या तुरटीचं सॉल्ट ॲनालिसिस

हल्ली एक व्हिडिओ बराच फिरतो आहे. माणसावरून तुरटीचा खडा ओवाळायचा, निखाऱ्यावर टाकायचा आणि तो फुगून जो आकार घेईल त्यात नजर लावणाऱ्याचा चेहरा शोधायचा. मुंबईत कितीतरी दुकानांच्या दारावर काळ्या दोऱ्यात तुरटी टांगलेली असते, त्यामुळे या व्हिडिओला प्रेक्षकांची कमतरता नाही. पण त्या खड्याच्या वजनातला जवळजवळ ४५ टक्के भाग निव्वळ पाणी असतो. स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं हे पाणी तापल्यावर सुटतं. खडा आधी स्वतःच्याच पाण्यात वितळतो, मग वाफ त्या घट्ट द्रवाला फुगवत बाहेर पडते आणि मागे पांढरा, सच्छिद्र गोळा उरतो. ओवाळून टाका नाहीतर तसाच टाका, तो फुगणारच. त्यात शेजारणीचा चेहरा पाहून लोक खरोखरीची भांडणं उकरून काढतात, हे मला फार वाईट वाटतं.

त्या खड्याला विचारण्यासारखा खरा प्रश्न वेगळा आहे. तुरटी म्हणून विकला जाणारा क्षार दोन प्रकारचा असू शकतो. एक पोटॅश तुरटी, KAl(SO4)2·12H2O. दुसरी अमोनियम तुरटी, जिच्यात पोटॅशियमच्या जागी अमोनियम असतं. दोन्हींचे खडे दिसायला सारखेच, चवीलाही तुरटच. वाण्यालाही त्यातला फरक सांगता येणार नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला करतात ते सॉल्ट ॲनालिसिस मात्र तो सांगू शकतं.

क्षारात काय काय आहे हे ओळखण्याच्या या पद्धतीत धन आयनांचे, म्हणजे क्षारातल्या धनभारित कणांचे, गट पाडलेले असतात. द्रावणात एकेक अभिकारक ठरलेल्या क्रमाने घालायचा आणि कोणत्या टप्प्यावर अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, येतो ते बघायचं. ऋण आयनांची परीक्षा वेगळी करायची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेझेनियस यांनी १८४१ मध्ये अशी गटवारी पद्धतशीरपणे मांडली आणि तिचा गाभा अजून तोच आहे. पोटॅश तुरटीचा खडा दिला तर जर्नलमध्ये साधारण असा तक्ता उतरेल:

| प्रयोग | निरीक्षण | अनुमान |
|---|---|---|
| क्षाराचा रंग | रंगहीन, पूड पांढरी | तांबे, निकेल, कोबाल्ट बहुधा नाहीत |
| कोरड्या परीक्षानळीत तापवणे | वितळतो, फुगतो, नळीच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब | स्फटिकजल आहे |
| मूळ क्षार + सोडियम हायड्रॉक्साइड, गरम करणे | अमोनियाचा वास नाही | अमोनियम नाही |
| द्रावण + विरल हायड्रोक्लोरिक आम्ल | बुडबुडे नाहीत, अवक्षेप नाही | कार्बोनेट नाही, पहिला गट नाही |
| वरील द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडणे | अवक्षेप नाही | दुसरा गट नाही |
| वायू उकळून घालवून, अमोनियम क्लोराइड + अमोनियम हायड्रॉक्साइड | पांढरा, जेलीसारखा अवक्षेप | तिसरा गट, ॲल्युमिनियम असावं |
| तो अवक्षेप विरल आम्लात विरघळवून, निळा लिटमस + थेंबथेंब अमोनियम हायड्रॉक्साइड | रंगहीन द्रावणात तरंगणारा निळा गोळा | ॲल्युमिनियम नक्की |
| मूळ द्रावण + विरल हायड्रोक्लोरिक आम्ल + बेरियम क्लोराइड | पांढरा अवक्षेप, आम्लात न विरघळणारा | सल्फेट नक्की |
| ज्योत परीक्षा, निळ्या कोबाल्ट काचेतून | जांभळट ज्योत | पोटॅशियम |

या तक्त्यातली सहावी ओळ माझी सर्वांत आवडती. तिथे अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, कशासाठी घालतात? अवक्षेप तर हायड्रॉक्साइडचा आहे आणि हायड्रॉक्साइड अमोनियाच्या द्रावणातून, म्हणजे तक्त्यातल्या अमोनियम हायड्रॉक्साइडमधून, मिळतंच. बरेच विद्यार्थी ही पायरी पाठ करतात आणि घाई असली की गाळतात.

अमोनिया पाण्यात विरघळला की त्यातला अगदी थोडा भाग अमोनियम आणि हायड्रॉक्साइड आयनांत बदलतो. आपण बाहेरून नवसागर घातला की द्रावणात अमोनियम आयनांची गर्दी होते, त्यामुळे ही क्रिया उलट दिशेला ढकलली जाते आणि हायड्रॉक्साइड कमी होतं. आकड्यांत बघू. लिटरला ०.१ मोल अमोनिया असेल तर हायड्रॉक्साइड असतं साधारण ०.००१३ मोल. त्यात १ मोल नवसागर घातला की ते उरतं ०.०००००१८ मोल, म्हणजे सातशेहून अधिक पटींनी कमी.

आता द्रावणात मॅग्नेशियमही आहे असं समजा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप येणार की नाही, हे मॅग्नेशियमचं प्रमाण गुणिले हायड्रॉक्साइडच्या प्रमाणाचा वर्ग या गुणाकारावर ठरतं. हा गुणाकार एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच साका बसतो. हायड्रॉक्साइड सातशे पटींनी घटलं की त्याचा वर्ग पाच लाखांवर पटींनी घटतो. नवसागर नसताना मर्यादा हजारो पटींनी ओलांडलेली होती, आता गुणाकार तिच्या खाली आला. मॅग्नेशियम निमूटपणे द्रावणात राहतं आणि आपल्या सहाव्या गटाची वाट बघतं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हायड्रॉक्साइडचा घन घ्यावा लागतो, म्हणजे घट आणखी मोठी. तरीही ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची मर्यादा इतकी सूक्ष्म आहे की गुणाकार तिच्यापेक्षा एकावर चौदा शून्ये इतक्या पटींहून जास्तच राहतो. म्हणून एवढ्याशा हायड्रॉक्साइडमध्येही ते खाली बसतं. नवसागर गाळला तर मॅग्नेशियमचा पांढरा साका तिसऱ्याच गटात येतो आणि विद्यार्थी त्याला ॲल्युमिनियम समजून बसतो. लिटमसची परीक्षा आहे ती अशीच शंका फेडण्यासाठी.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तेव्हा हाच जेलीसारखा अवक्षेप तयार होतो. तिथे अमोनिया नसतो, पण पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे मिळणारं जेमतेम हायड्रॉक्साइडही ॲल्युमिनियमला पुरतं. मातीचे कण त्या जेलीत अडकून तळाशी जातात.

अमोनियाऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड घातलं तर आधी पांढरा अवक्षेप येतो आणि आणखी घातलं की नाहीसा होतो, कारण जास्तीच्या अल्कलीत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड विरघळतं. अवक्षेपावर तांबूस झाक दिसली तर तुरटीत लोहाची भेसळ किंवा अशुद्धी आहे.

आता मूळ प्रश्न, पोटॅश की अमोनियम? अमोनियमची परीक्षा नेहमी मूळ क्षारावरच करायची. तिसऱ्या गटानंतरच्या द्रावणात ती केली तर प्रत्येक क्षारात अमोनियम सापडेल, कारण तोवर आपणच ते ओतलेलं असतं. परीक्षानळीत तुरटीची चिमूटभर पूड, वर सोडियम हायड्रॉक्साइड, आणि मंद आचेवर गरम. नळीच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस कागद कडेला न टेकवता धरायचा. कडेला अल्कली लागलेली असते आणि तिनेही कागद निळा होतो. वास हाताने वारा घालून घ्यायचा. वास आला, कागद निळा झाला आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचकांडी जवळ नेल्यावर दाट पांढरा धूर निघाला, की ती अमोनियम तुरटी.

वास आलाच नाही तर पोटॅशियम शोधायचं. इथे घामेजल्या बोटांचं मीठ घात करतं. त्यातल्या सोडियमची पिवळी ज्योत पोटॅशियमचा फिका जांभळा रंग झाकून टाकते. निळी कोबाल्ट काच तो पिवळा रंग शोषते, म्हणून ज्योत काचेतून बघायची. काच नसेल तर काही जण सोडियम कोबाल्टिनायट्राइट घालून पिवळा अवक्षेप बघतात. पण अमोनियमही अगदी तसाच पिवळा अवक्षेप देतं, त्यामुळे वासाची परीक्षा आधी केलेली नसेल तर त्या पिवळ्या रंगावरून पोटॅशियम लिहू नये.