माल बाहेर गेला म्हणजे विक्री झाली?

"बिल फाडलं, माल गोदामातून गेला, मग विक्री झालीच ना?"

नाही. पसंतीवर पाठवलेला माल ग्राहकाने होकार देईपर्यंत किंवा परतीची मुदत उलटेपर्यंत तुमचाच असतो.

समजा 8,000 खरेदी किमतीचा माल 10,000 ला पसंतीवर पाठवला आणि लगेच विक्रीत धरला. वर्षअखेरीला मुदत बाकी आहे, ग्राहकाचा होकार नाही. मग विक्री आणि ग्राहकाकडचं येणं, दोन्हींतून 10,000 वजा करायचे आणि अखेरच्या साठ्यात 8,000 मिळवायचे. नफा 2,000 ने उतरतो. साठ्यात 10,000 धरले, तर न झालेला नफाच साठ्यात शिरतो. त्याहून वाईट म्हणजे साठा वाढवून विक्री तशीच ठेवणं: एकच माल दोनदा मोजला जातो आणि नफा तब्बल 10,000 ने फुगतो. म्हणून मोजणीच्या दिवशी पसंतीवर गेलेल्या मालाची वही विक्रीखात्याशी ताडून पाहायलाच हवी.

वाटेतल्या मालाचं उलट होतं. विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली करताच मालकी तुमची होईल असं ठरलं असेल, तर तो गोदामात पोचला नसला तरी खरेदीत आणि साठ्यात दोन्हीकडे यायला हवा. फक्त खरेदीत धरला, तर मोजणीत तो सापडत नाही आणि नफा विनाकारण घटतो.