चित्रपुस्तकाचं प्रूफरीडिंग

लहान मुलांच्या चित्रपुस्तकातला मजकूर छपाईला जायच्या आधी तपासणं, म्हणजे साधी वाक्यं चुकलीत का, एखादा शब्द उगाच परत परत आलाय का आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना नको तिथे तुटतंय का, हे बघणं. मजकूर साधारण पाचशे-सहाशे शब्दांचा असतो, काही पुस्तकांत त्याहूनही कमी, त्यामुळे एका बैठकीत काम उरकेल असं वाटतं. पण इथे एका पानावर दोनच वाक्यं असतात आणि त्यातलं एक चुकलं की अर्धं पान चुकलं, आणि मूल तेच पान रोज रात्री वाचायला लावतं म्हणजे चूकही रोज वाचली जाते.

चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण छापील मोठा कागद घड्या घालून कापला की पानं आठ किंवा सोळाच्या पटीत निघतात. त्यातली सुरुवातीची काही पानं पुस्तकाचं नाव, लेखक-चित्रकारांची नावं आणि प्रकाशनाची माहिती यात जातात आणि गोष्टीला साधारण बारा ते चौदा जोडपानं उरतात, जोडपान म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोर दिसणारी डावी-उजवी दोन पानं. पान १ नेहमी उजवीकडे येतं, त्यामुळे सम आकड्याची पानं डावीकडे, विषम उजवीकडे. १४ वरून १५ वर फक्त नजर सरकते, पण १५ वरून १६ वर जायला पान उलटावं लागतं. पानतोड तपासताना हा फरक सतत डोक्यात ठेवावा लागतो.

मराठीत हे जास्त नाजूक होतं कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागे. वाक्य मध्येच तोडलं की काय झालं ते पुढच्या पानावर जातं आणि ‘नाही’ च्या आधी तोडलं तर पान उलटेपर्यंत अर्थ चक्क उलटा राहतो.

उदाहरणासाठी गोटू नावाच्या हत्तीच्या पिल्लाची गोष्ट घेऊ, लेआउट होऊन आलेली. पान १४ वर आहे, “गोटू हळूहळू नदीकडे गेला. मग त्याने पाण्यात पाहिलं. मग त्याला पाण्यात एक पिल्लू दिसलं. मग तो”. पान १५ वर, “मागे सरला. पाण्यातलं पिल्लू पण मागे सरला. गोटू त्याला घाबरला”. आणि पान १६ वर, “नाही. त्याने सोंड पुढे केली.”

वाक्याची चूक इथे एकच आहे, ‘पिल्लू सरला’. गोटू हा ‘तो’ आणि पिल्लू हे ‘ते’, त्यामुळे ‘पिल्लू पण मागे सरलं’ असं हवं. प्राण्यांच्या गोष्टींत ही चूक सारखी सापडते, कारण लिहिताना डोळ्यांसमोर नावाचं पात्र असतं आणि हातून शब्द येतो पिल्लू, मांजर, पाखरू असा. ती पकडायची साधी युक्ती म्हणजे प्रत्येक पात्राच्या नावापुढे तो, ती किंवा ते असं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि प्रत्येक क्रियापदाशी ताडून बघायचं. त्याच कोपऱ्यात पुस्तकात ‘केलं’ चालू आहे की ‘केले’ हेही लिहून ठेवावं, कारण दोन्ही आपापल्या जागी बरोबर असले तरी पान ६ वर एक आणि पान २० वर दुसरं आलं तर मोठ्याने वाचणारा तिथे अडखळतो.

आता ‘मग’. एका पानावर तीन वेळा आलाय आणि एकाही ठिकाणी काही करत नाहीये, घटना क्रमानेच चालल्यात, तो काढला तर काहीच बिघडत नाही. ‘पाण्यात’ सुद्धा लागोपाठच्या वाक्यांत दोनदा आलाय. पण ‘मागे सरला, मागे सरलं’ ही पुनरुक्ती मात्र अजिबात काढायची नाही, गोटू जे करतो तेच प्रतिबिंब करतं आणि मुलाला पाण्यात कोण आहे ते त्यातूनच कळतं. प्रूफरीडर नवा असला की इथे हमखास घोळ होतो, दिसेल ती पुनरुक्ती तो खोडत सुटतो. मराठीत तर ‘पळता पळता’, ‘टप टप’, ‘लांब लांब कान’ ही रोजची बोलायची रीत आहे आणि कॉम्प्युटरने लागोपाठचे सारखे शब्द शोधले तर हेच सगळे आधी सापडतात. एक चाचणी उपयोगी पडते, दुसऱ्या वेळचा शब्द काढून वाक्य मोठ्याने म्हणायचं, लय किंवा अर्थ गेला तर शब्द राहू द्यायचा, काहीच गेलं नाही तर त्याच्याभोवती गोल करायचा. ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तोच शब्द आलेला असेल तर तो वाचताना डोळ्याला दिसतच नाही, म्हणून ओळींची टोकं वेगळी बघावी लागतात.

आता पानतोड. १४ च्या शेवटी ‘मग तो’ एकटाच लटकलाय. पान उलटायचं नाहीये, त्यामुळे अर्थाचं नुकसान मोठं नाही, पण मधल्या घडीवर वाक्य मोडतं आणि वाचणाऱ्याचा श्वास भलत्या जागी तुटतो, शिवाय मागे सरण्याचं चित्र १५ वर आहे, म्हणून पूर्ण वाक्यच तिकडे न्यायचं. १५ चा शेवट मात्र खरंच वाईट आहे. मुलाने ऐकलं ‘गोटू त्याला घाबरला’, चित्रात गोटू धीट दिसतोय, आणि पान उलटल्यावर सुटा ‘नाही’. ऐकणाऱ्या मुलाला तो मागच्या वाक्याचा तुकडा वाटतच नाही.

‘नाही’ मागे १५ वर ओढला की चूक मिटते, पण उत्सुकताही जाते. लेखकाला ती हवी असेल तर १५ वर “गोटू घाबरला का?” आणि १६ वर “छे! त्याने सोंड पुढे केली.” असं करता येतं, दोन्ही पानं आपापल्या जागी पूर्ण आणि मुलाला उत्तर द्यायला जागाही मिळते. पण हे प्रूफरीडरने परस्पर करायचं नसतं, समासात प्रश्न लिहून लेखकाकडे पाठवायचं. ‘सरला’ चं ‘सरलं’ मात्र सरळ दुरुस्त करायचं.

मुद्दाम केलेली तोडही असते. “गोटूने दार उघडलं आणि आत होता...” असं म्हणून पान उलटायला लावणं चांगलंच, कारण तिथे वाक्य अपुरं आहे हे ऐकूनच कळतं. ‘गोटू त्याला घाबरला’ हे ऐकायला पूर्ण वाक्य आहे आणि गोची तिथेच होते. म्हणून प्रत्येक उजव्या पानाचं शेवटचं वाक्य पुढचं न बघता म्हणायचं, ते पूर्ण वाटलं आणि तरी पुढे चालू असेल तर तोड चुकली.

हे सगळं वर्डच्या सलग फाइलमध्ये दिसत नाही. आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानांची कच्ची वही होते, त्यात मजकूर चिकटवून पानं खरोखर उलटत वाचायचं. पीडीएफवरच बघायचं असेल तर दोन पानं शेजारी दाखवताना पहिलं पान एकटं ठेवायची सेटिंग चालू करावी, नाहीतर १ आणि २ शेजारी बसतात, पुढच्या सगळ्या जोड्या चुकतात आणि तुम्ही चुकीच्याच पानतोडी तपासत बसता. आणि दुरुस्त्या घालून किंवा अक्षर मोठं करून फाइल परत आली की फक्त दुरुस्त जागा बघून चालत नाही, एक शब्द वाढला तरी ओळी खाली सरकतात आणि कालपर्यंत बरोबर असलेलं पान १८ आज ‘झाडा’ वर संपून पुढचं पान ‘खाली’ ने सुरू होऊ शकतं, त्यामुळे पानांचे शेवट दरवेळी पहिल्यापासून बघायचे.