गिनीपिगचे सुजलेले गुडघे

सशाला जे खाणे चालते ते गिनीपिगलाही चालते, असा समज पाळीव प्राण्यांच्या दुकानांतही पक्का बसलेला आहे. या समजापायी दोन-तीन आठवड्यांत काय घडते ते पाहा. सशाच्या गोळ्या, वाळलेले गवत आणि काकडीच्या फोडी यांवर ठेवलेला, एरवी पालेभाजीच्या पिशवीचा आवाज ऐकताच धावत येणारा प्राणी कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहतो. त्याचे मागचे गुडघे सुजलेले दिसतात आणि उचलताना तो कळवळून ओरडतो. घरची माणसे त्याची दृष्ट काढतात किंवा पायाला तेल चोळतात, पण चोळण्याने त्याच्या वेदना फक्त वाढतात, कारण ही सूज सांध्यांभोवती आणि हाडांवरील आवरणाखाली झालेल्या रक्तस्रावाची असते. हा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग होय.

ससा आपल्या यकृतात क जीवनसत्त्व तयार करतो. माणसाप्रमाणेच गिनीपिगमध्ये मात्र त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या विकराचे जनुक निकामी झालेले आहे. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये हा रोग प्रथम दाखवला, तो याच उणिवेमुळे.

रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बळकटी देणारे कोलॅजन हे तीन पेडांच्या वेणीसारखे प्रथिन आहे. पेडांमधील प्रोलीन या घटकाला ऑक्सिजन व हायड्रोजनची एक जोडी चिकटली तरच ही वेणी शरीराच्या उष्णतेत टिकते. ती जोडी नसेल, तर साधारण २४ अंश सेल्सिअसलाच पेड सुटतात, आणि गिनीपिगचे शरीर ३८ अंशांच्या आसपास असते! ही जोडी चिकटवणाऱ्या विकरात लोहाचा एक अणू असतो. काम करता करता तो अधूनमधून ऑक्सिडीकरणाने निकामी होतो आणि क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावते. पुरवठा थांबला की नवे कोलॅजन कच्चे राहते, आणि चालताना सर्वाधिक ताण सोसणाऱ्या सांध्यांजवळच्या बारीक रक्तवाहिन्या फुटू लागतात.

निरोगी प्रौढ प्राण्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, म्हणजे ८०० ग्रॅमच्या प्राण्याला ८ ते २०. गाभण मादीला याहून अधिक लागते. कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीच्या २५ ग्रॅमच्या फोडीतून सुमारे २० मिलिग्रॅम मिळते. काकडीत ते नगण्य असते. गिनीपिगसाठीच्या गोळ्यांत ते घातलेले असते, पण साठवणीत घटत जाते. त्यामुळे पाकिटावरील उत्पादनाची तारीख पाहून तीन महिन्यांच्या आतल्याच गोळ्या द्याव्यात. पिण्याच्या पाण्यात थेंब घालू नयेत, कारण प्रकाश व धातूच्या संपर्काने ते लवकर नष्ट होते, शिवाय चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्याही टाळाव्यात, कारण त्यांतील अ आणि ड यांचा अतिरेक घातक ठरतो.

पाय मात्र अस्थिभंगाने किंवा संधिवातानेही सुजतो, म्हणून पशुवैद्याकडून तपासणी आणि गरजेनुसार क्ष-किरण चित्र आवश्यक असते. स्कर्व्ही असल्यास पशुवैद्य दर किलोमागे रोज ५० ते १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व तोंडावाटे किंवा इंजेक्शनने देतात, आणि बहुधा आठवडाभरातच प्राणी पुन्हा फिरू लागतो.