फिक्स्ड बायस आणि डिव्हायडर बायस: फरक ट्रान्झिस्टर बदलल्यावर कळतो

सिडकोतल्या घरी भाचीने माइकसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. छान चालला. मग पाय तुटला म्हणून तिने पुडीतला दुसरा बीसी ५४७ बी लावला आणि आवाज फाटायला लागला. "मामा, नंबर तर तोच आहे!" नंबर तोच असला तरी बीटा, म्हणजे बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहतो तो आकडा, तोच नसतो. या 'बी' गटात तो २०० ते ४५० पर्यंत कुठेही असू शकतो.

सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून ठरावीक करंट वाहता ठेवणं म्हणजे बायस. तिचं सर्किट फिक्स्ड बायसचं होतं: १२ व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला ३ किलोओहम, सप्लायवरून बेसला १.१२ मेगओहम. बेस करंट साधारण १० मायक्रोअँपिअरवर बांधलेला. बीटा २०० असेल तर कलेक्टर करंट २ मिलिअँपिअर आणि कलेक्टरवर ६ व्होल्ट, म्हणजे अगदी मधोमध. बीटा ४०० निघाला की ४ मिलिअँपिअर हवेत, पण ३ किलोओहममधून तेवढे जायला १२ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, कलेक्टरवर जेमतेम ०.१-०.२ व्होल्ट उरतात. बेस-एमिटर व्होल्टेज मात्र दोन्ही वेळा ०.६५ च्या आसपासच दिसतं, म्हणून तेवढंच मोजून 'बायस ठीक' म्हणू नये. मीटर कलेक्टर-एमिटरवर लावावा.

डिव्हायडर बायसमध्ये बेसला वरून ४७ किलोओहम, खाली १० किलोओहम आणि एमिटरला ६८० ओहम लावले. बेस २ व्होल्टच्या जवळ धरून ठेवला जातो. करंट वाढू लागला की एमिटरचं व्होल्टेज वर येतं, बेस-एमिटरमधला फरक कमी होतो आणि करंट स्वतःच आवरला जातो. बीटा २०० ला २.०१ मिलिअँपिअर, ४०० ला २.०७. कलेक्टर ६ वरून ५.८ वर येतो, बस्स. एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं आणि बीटा वाढतो, तेव्हाही हाच ६८० ओहम सांभाळून घेतो.

इथे बरेच जण फसतात: बेसला दोन रेझिस्टर दिसले की बायस स्थिर झाला असं समजतात. खरं काम एमिटर रेझिस्टरचं आहे. तो काढून एमिटर थेट ग्राउंडला जोडला, तर हेच डिव्हायडर बेसमध्ये पावणेदोनशे मायक्रोअँपिअर ढकलतं आणि ट्रान्झिस्टर पुन्हा सॅच्युरेट. बॅटरी वाचवायला ४७० आणि १०० किलोओहम लावले, तर बेस करंटनेच डिव्हायडर दबतं. मग त्याच दोन ट्रान्झिस्टरांत करंट १.३ आणि १.६ असा वेगळा पडतो. डिव्हायडरमधला करंट बेस करंटच्या किमान दहापट ठेवावा. आपल्या सर्किटात तो वीसपट आहे.

याची किंमत गेनमध्ये मोजावी लागते. नुसत्या ६८० ओहमवर गेन चारच्या वर फारसा जात नाही. त्याला समांतर १०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावला की सिग्नलसाठी एमिटर ग्राउंडला जातो आणि गेन दोनशेपार होतो, बायस मात्र जागचा हलत नाही. भाचीने तो उलटा लावला होता. प्लस एमिटरकडे हवा.