मायक्रोवेव्हमधलं अंडं बाहेर काढल्यावर का फुटतं?

परवा माझ्या बहिणीने फ्रिजमधलं उकडलेलं अंडं कवचासकट वाटीत ठेवून मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. आत काहीच झालं नाही. वाटी ओट्यावर आली, तिने कवचाला चमच्याचं टोक लावलं आणि फटाक्यासारखा आवाज झाला. बलकाचे कण थेट वरच्या कपाटाच्या दारावर. चेहरा थोडक्यात वाचला. "कवचात वाफ कोंडली असणार," ती म्हणाली. कवचाचा यात वाटा आहेच, पण खरा दोष बलकाचा.

कवच मायक्रोवेव्ह लहरींना अडवत नाही. त्यावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, पण त्यांतून हवा सावकाश ये-जा करते. काही सेकंदांत तयार झालेली वाफ त्यांतून निघून जाणं शक्य नसतं. आणि ती किती झटकन तयार होते? अंड्याचा आतला भाग 50 ग्रॅम धरा. खोलीच्या तापमानापासून 100 अंशांपर्यंत न्यायला त्याला साधारण 12 हजार ज्यूल ऊर्जा लागते. 800 वॅटच्या ओव्हनची निम्मीच शक्ती अंड्यात शिरली, तरी हे काम अर्ध्या मिनिटात होतं. कच्चं अंडं म्हणूनच पुष्कळदा ओव्हनच्या आतच फुटतं.

गॅसवर हे होत नाही, कारण तिथे उष्णता बाहेरच्या पाण्यातून आत जाते आणि उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांच्या वर चढत नाही. बलक त्याहून गरम होणार कुठून? कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या आसपास जातं खरं, पण तिथे बाहेरचा दाबही तेवढाच वाढलेला असतो, त्यामुळे कवचाला आतून जास्तीचा रेटा बसत नाही. मायक्रोवेव्हमध्ये दाब आपल्या खोलीतलाच असतो. लहरी मात्र पांढऱ्या भागातून पार होऊन बलकापर्यंत पोचतात, आणि अंड्याच्या गोलाईमुळे मध्याकडे वळतात. वरचा भाग हवेला उष्णता देत राहतो, मधल्या बलकाला ती सोय नाही.

शिजलेल्या बलकात निम्मं पाणी असतं, प्रथिनांच्या जाळ्यात बारीक बारीक कप्प्यांत अडकलेलं. पाणी उकळायला बुडबुडा आधी कुठेतरी जन्मावा लागतो. या कप्प्यांत त्याला जागाच सापडत नाही, म्हणून पाणी 100 अंश ओलांडूनही न उकळता तसंच राहतं. कपातलं पाणी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून त्यात कॉफी पावडर टाकताच ते उसळून अंगावर येतं, तोच हा प्रकार. चमच्याचं टोक किंवा दात लागला, की एक कप्पा फुटतो, त्याच्या धक्क्याने शेजारचा, आणि क्षणात सगळा बलक उकळतो.

त्यात जोर किती असतो ते बघा. 18 ग्रॅमचा बलक उकळबिंदूच्या फक्त 10 अंश वर गेला आहे असं समजू. ही जादा उष्णता सुमारे पाव ग्रॅम पाण्याची वाफ करते. पाव ग्रॅम म्हणजे काही थेंब, पण त्यांची वाफ जवळजवळ 400 मिलिलिटर जागा मागते. चमचाभर आकाराच्या बलकातून दोन पेले वाफ एकदम बाहेर पडते, तीही उकळता बलक बरोबर घेऊन.

अमेरिकेत हॉटेलात पुन्हा गरम केलेलं उकडलेलं अंडं एका ग्राहकाच्या तोंडात फुटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. भाजल्याबरोबर कानालाही इजा झाल्याचा त्याचा दावा होता. त्यासाठी ध्वनितज्ज्ञ अँथनी नॅश आणि लॉरेन फॉन ब्लॉन यांनी जवळपास 100 अंडी पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तापवली आणि बाहेर काढून टोचली. 2017 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. साधारण तीनात एक अंडं बाहेर काढल्यावर फुटलं आणि फूटभर अंतरावर आवाज 86 ते 133 डेसिबल भरला. कानाला इजा होण्याची शक्यता त्यांना कमी वाटली. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते: बलकाचं तापमान भोवतीच्या पाण्यापेक्षा जास्त भरलं. म्हणजे पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडं सुरक्षित होत नाही.

कवचाला टाचणीने भोक पाडण्याचा उपायही अपुराच. त्यातून कवचाखालची वाफ निघेल, पण बलकातले कप्पे तसेच बंद राहतात. कवच सोललेलं अंडंसुद्धा याच कारणाने फुटतं. कोणतं अंडं फुटणार हे वरून ओळखताही येत नाही, ते अगदी शांत दिसतं.

उकडलेलं अंडं गरम करायचंच असेल, तर सोलून पाच-सात मिनिटं कढत पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हच वापरायचा तर बलकासकट बारीक तुकडे करा. आणि कुणी चुकून अख्खं अंडं आत ठेवलंच असेल, तर बटण बंद करा, दार उघडू नका आणि ते निवेपर्यंत चांगली दहा-पंधरा मिनिटं तिकडे फिरकू नका.