हेसच्या आलेखापासून एक्सेलच्या तक्त्यापर्यंत

धंदा किती विक्रीनंतर तोट्यातून बाहेर येतो, हे कागदावर आखून दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांत अमेरिकन इंजिनिअर हेन्री हेस यांचं नाव घेतलं जातं. १९०३ साली त्यांनी एकाच आलेखावर खर्चाची आणि विक्रीची रेघ ओढली. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात, तिथे नफाही नाही आणि तोटाही नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठातले वॉल्टर राउटनस्ट्राऊख यांनी 'ब्रेक-इव्हन' हे नाव रूढ केलं.

त्या आलेखात बदलतो तो फक्त नगांचा आकडा. भाव आणि प्रतिनग खर्च ठरलेले धरायचे. त्यातला एक हलला की रेघ पुन्हा ओढायची. म्हणून दोन्ही एकत्र हलवून पाहण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नसे. हार्वर्डमध्ये शिकताना डॅन ब्रिकलिन यांना हीच अडचण फळ्यावर दिसली: एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून नव्याने लिहायचे. त्यातून बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीने १९७९ साली व्हिसिकॅल्क हे संगणकावर तक्ते मांडणारं सॉफ्टवेअर आलं. १९८३च्या लोटस १-२-३ मध्ये तर दोन आकडे बदलून उत्तरांचा तक्ता भरणारी आज्ञाच होती. एक्सेलमधलं आजचं 'डेटा टेबल' त्याच वळणाचं.

समजा, चकलीचा घरगुती कारखाना आहे. भाव किलोला २०० रुपये, माल-मजुरी-पॅकिंग मिळून १४० रुपये, भाडं-पगारासारखा स्थिर खर्च महिन्याला ६०,००० आणि विक्री १,५०० किलो. किलोमागे ६० रुपये सुटतात, म्हणजे १,००० किलोला खर्च वसूल. महिन्याचा नफा ३०,०००. `B1` ते `B4` मध्ये भाव, किलोचा खर्च, किलो आणि स्थिर खर्च भरायचे. तक्त्याच्या कोपऱ्यात `=(B1-B2)*B3-B4`, डाव्या रकान्यात भाव आणि वरच्या ओळीत खर्च लिहायचे. मग सगळा तक्ता निवडून 'डेटा टेबल'मध्ये Row input cell म्हणून `B2` आणि Column input cell म्हणून `B1` दिलं की मिळतं:

| भाव ↓ / खर्च → | १३० | १४० | १५० |
|---|---|---|---|
| १९० | ३०,००० | १५,००० | ० |
| २०० | ४५,००० | ३०,००० | १५,००० |
| २१० | ६०,००० | ४५,००० | ३०,००० |

भाव अवघा पाच टक्के उतरला तरी नफा निम्मा होतो. त्यातच तेल महागून खर्च १५० वर गेला, तर १,५०० किलो विकूनही हाती शून्य. (सगळ्या घरांत एकच आकडा दिसला, तर बहुधा डेटा टेबलची आपोआप गणना बंद असते, F9 दाबावं.)

हेस यांच्या आलेखातले हलते नग मात्र इथे गोठले आहेत. त्यामुळे २१० च्या ओळीतले ४५,००० फसवे असू शकतात: भाव वाढवल्यावर गिऱ्हाईक तेवढंच राहील, असं तक्ता गृहीत धरतो. अशा वेळी उलटं गणित करावं. २१० भावाने किलोमागे ७० सुटतात, म्हणून स्थिर खर्चाचे ६०,००० आणि आधीचेच ३०,००० मिळवायला ९०,००० भागिले ७०, साधारण १,२८६ किलो विक्री पुरते. म्हणजे २१४ किलोपर्यंतचं गिऱ्हाईक तुटलं तरी भाववाढ अंगलट येत नाही.